तक्रारीनंतर कापलेले गुण: आकस कसा ओळखायचा आणि दाद कुठे मागायची

शिक्षक तास घेत नाहीत, वर्गात अपमान करतात किंवा स्वतःच्या खासगी क्लासला येण्याचा आग्रह धरतात, अशी लेखी तक्रार एखादी विद्यार्थिनी प्राचार्यांकडे देते. दोन महिन्यांनी निकाल लागतो. बाकी सगळ्या विषयांत नेहमीसारखे गुण असतात आणि नेमक्या त्याच शिक्षकांच्या विषयात ते घसरलेले असतात. कॉलेजच्या कट्ट्यावर याला 'इंटर्नलमध्ये कापलं' म्हणतात. 'इंटर्नल सरांच्या हातात आहेत, गप्प बस' हा सल्ला जवळपास प्रत्येक वर्गात ऐकू येतो आणि त्यामुळे अनेक तक्रारी कागदावर येतच नाहीत.

असे घडल्यास दाद मागता येते. मात्र 'माझे गुण वाढवून द्या' अशी मागणी केली तर ती बहुतेक ठिकाणी पहिल्याच पायरीवर फेटाळली जाते. 'माझे मूल्यमापन ज्या पद्धतीने झाले ती पद्धत सदोष आहे' अशी मागणी केली तर तिची दखल घ्यावी लागते. या दोन मागण्यांमधला फरक कळला की पुढचे काम बरेच सोपे होते.

आकस कुठे शिरतो

विद्यापीठाच्या लेखी परीक्षेत आकसाला जागा कमी असते. बहुतेक ठिकाणी उत्तरपत्रिकेवरचे नाव आणि बैठक क्रमांक झाकलेला असतो किंवा बारकोड लावलेला असतो, आणि तपासणारा परीक्षक अनेकदा दुसऱ्याच महाविद्यालयाचा असतो. पेपर कोणाचा आहे हे त्याला कळत नाही.

अंतर्गत गुणांचे तसे नसते. चाचणी, असाइनमेंट, प्रकल्प, सादरीकरण, मौखिक परीक्षा, वर्गातला सहभाग या सगळ्याचे गुण शिकवणारे शिक्षक स्वतः देतात, आणि समोर कोण आहे हे त्यांना ठाऊक असते. अनेक अभ्यासक्रमांत १०० पैकी ४० गुण असे अंतर्गत असतात, तर प्रात्यक्षिकांच्या विषयांत त्याहूनही जास्त.

हे गुण निकाल किती हलवू शकतात, याचा अंदाज दहावीच्या निकालावरून येतो. महाराष्ट्र राज्य मंडळाने भाषा आणि सामाजिक शास्त्रे या विषयांचे शाळेने द्यायचे २० गुण मार्च २०१९ च्या परीक्षेसाठी बंद केले होते. आदल्या वर्षी ८९.४१ टक्के असलेला निकाल त्या वर्षी ७७.१० टक्क्यांवर आला. अभ्यासक्रमही नवा होता, त्यामुळे सगळी घसरण त्या २० गुणांमुळे झाली असे म्हणता येणार नाही. तरी पुढच्या वर्षी ते गुण परत आणावे लागले. एरवी सढळ हाताने दिल्या जाणाऱ्या या गुणांमध्ये एकट्याचाच हात आखडला, तर त्या एकट्याचे किती नुकसान होईल हे त्यावरून लक्षात येते.

अंतर्गत गुणांच्या आतही सगळे भाग सारखे नसतात. चाचणीची उत्तरपत्रिका मागे राहते. उत्तर बरोबर असताना गुण कापले तर ते कागदावर दिसते. असाइनमेंटचाही कागद असतो, पण 'मांडणी', 'आकलन' अशा शीर्षकांखाली गुण देताना शिक्षकाला बरीच मोकळीक असते. मौखिक परीक्षा आणि वर्गातला सहभाग यांचा तर बहुतेक वेळा एका आकड्यापलीकडे काहीच पुरावा उरत नाही. म्हणून आकस असेल तर तो आधी या शेवटच्या दोन रकान्यांत दिसतो, मग असाइनमेंटमध्ये, आणि चाचणीत क्वचित.

आणखी एक गोष्ट. राग काढणारा शिक्षक सहसा नापास करत नाही. नापास केले की प्रकरण परीक्षा विभागाकडे जाते, पालक येतात, प्रश्न विचारले जातात. पास होण्यापुरते गुण देऊन श्रेणी खाली आणली की फारसा गवगवा होत नाही. पण पदव्युत्तर प्रवेशाला, शिष्यवृत्तीला किंवा कॅम्पस मुलाखतीला ठरावीक टक्के लागतात, तिथे हा फटका बसतो.

एक उदाहरण, आकड्यांसह

वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षातली एक विद्यार्थिनी आहे असे धरू. विषय १०० गुणांचा आहे: ६० विद्यापीठाचे आणि ४० अंतर्गत. अंतर्गत ४० मध्ये २० गुणांच्या दोन चाचण्यांची सरासरी, असाइनमेंटचे १०, मौखिकचे ५ आणि सहभागाचे ५ आहेत.

जुलैअखेर पहिली चाचणी झाली. तिला २० पैकी १५ मिळाले. १२ ऑगस्टला तिने आणि वर्गातल्या इतर सहा जणांनी प्राचार्यांकडे अर्ज दिला की संबंधित शिक्षक अभ्यासक्रमातले दोन भाग वर्गात शिकवत नाहीत आणि ते खासगी क्लासमध्ये शिकवू असे सांगतात. अर्ज तिच्या हस्ताक्षरात होता आणि पहिली सही तिची होती. तिने कार्यालयातून आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का असलेली प्रत घेतली. ५ सप्टेंबरला तिने असाइनमेंट मुदतीत जमा केली. सप्टेंबरच्या मध्यात दुसरी चाचणी झाली, तीत १४ मिळाले.

निकालात तिचे अंतर्गत गुण असे आले: चाचण्यांचे १५ (सरासरी १४.५ होती, ती पूर्णांकात आली), असाइनमेंटचे ३, मौखिकचा १, सहभागाचा १. एकूण ४० पैकी २०. त्याच सत्रात बाकी चार विषयांत तिला अंतर्गत ३१ ते ३४ गुण आहेत.

नुसते '२० गुण' पाहून काहीच सिद्ध होत नाही. एखादा विषय जड जातो, एखादे शिक्षक कडक असतात. पण रकाने सुटे करून पाहिले तर चित्र बदलते. तक्रारीआधीची चाचणी १५ आणि नंतरची १४, म्हणजे विषयाची समज तीच राहिली आहे. घसरण फक्त त्या तीन रकान्यांत आहे जिथे शिक्षकाच्या मर्जीला वाव आहे. तिला विषय खरेच येत नसता तर चाचणीही कोसळली असती.

दुसरी तुलना वर्गाशी. ५८ जणांच्या वर्गात असाइनमेंटचे गुण साधारण ६ ते ९ च्या दरम्यान आहेत, आणि ५ च्या खाली फक्त तिघे आहेत. ते तिघेही अर्जावर सही करणारे आहेत, तर हे योगायोगाने घडले असे मानणे कठीण जाते. याउलट सगळ्या वर्गालाच ३-४ गुण असतील तर तो शिक्षकांचा हात आहे, आकस नव्हे. ही तुलना न करता तक्रार नेली, तर समितीत पहिला प्रश्न हाच येतो आणि प्रकरण तिथेच बसते.

आता शिक्षकांची संभाव्य उत्तरे आधीच तपासून घ्यायची. असाइनमेंट उशिरा दिली का? जमा केल्याच्या यादीवर तिची ५ तारखेची सही आहे. दुसऱ्याची उतरवली का? तशी शंका असती तर तपासतानाच कागदावर शेरा असायला हवा होता आणि ज्याच्याशी साम्य आहे त्याचेही गुण कमी व्हायला हवे होते. हजेरी कमी आहे का? हजेरीपटात ८२ टक्के आहे. मौखिकमध्ये उत्तरे दिली नाहीत का? इथे मात्र तिच्याकडे काही नाही. खोलीत दोघेच होते, प्रश्नांची नोंद नाही. ही बाजू कमकुवत आहे हे मान्य करूनच पुढे जावे लागते. मौखिकचा एकच रकाना घसरलेला असता, तर तेवढ्यावर दाद मिळणे फार अवघड होते.

तक्रार देतानाच मागायची गोष्ट

गुण कापले गेल्यावर ते परत मिळवण्यापेक्षा मूल्यमापन आधीच दुसऱ्या हातात जाणे सोपे असते. बहुतेक विद्यार्थी ही मागणी करत नाहीत, कारण ती करता येते हेच ठाऊक नसते.

लैंगिक छळाच्या तक्रारीत ही तरतूद थेट नियमांत आहे. कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखण्याच्या २०१३ च्या कायद्याखालील नियम ८ प्रमाणे, चौकशी चालू असताना तक्रारदार महिलेच्या शैक्षणिक कामावर देखरेख करण्यापासून संबंधित व्यक्तीला रोखण्याची शिफारस अंतर्गत समिती करू शकते. उच्च शिक्षण संस्थांसाठीच्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांत तर तक्रारदाराच्या कामाचे, चाचण्यांचे किंवा परीक्षांचे मूल्यमापन त्या व्यक्तीने करू नये, असा अंतरिम उपाय स्पष्ट शब्दांत आहे. मात्र तक्रारदाराने तो लेखी मागून ठेवावा. पीएचडीच्या विद्यार्थिनीने मार्गदर्शकाविरुद्ध तक्रार केली असेल तर ही मागणी विशेष महत्त्वाची, कारण तिथे एकाच माणसाच्या सहीवर प्रगती अहवाल, पाठ्यवृत्ती आणि प्रबंध हे सगळे अवलंबून असते.

इतर प्रकारच्या तक्रारींत असा थेट नियम हाताशी नसतो. तिथे नैसर्गिक न्यायाचे जुने तत्त्व कामी येते: ज्याचा त्या प्रकरणात हितसंबंध आहे त्याने निवाडा करू नये. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये ए. के. क्रैपक खटल्यात हे तत्त्व प्रशासकीय निर्णयांनाही लागू केले. भारतीय वनसेवेच्या निवडीत स्वतः उमेदवार असलेला अधिकारीच निवड मंडळावर बसला होता, म्हणून ती निवड रद्द झाली. त्याने प्रत्यक्ष पक्षपात केला का, हे सिद्ध करावे लागले नाही. पक्षपाताची वाजवी शक्यता पुरेशी ठरली. ज्या शिक्षकाविरुद्ध चौकशी चालू आहे त्यानेच तक्रारदाराची मौखिक परीक्षा घ्यावी का, या प्रश्नाला हाच युक्तिवाद लावता येतो.

म्हणून मूळ तक्रार अर्जातच शेवटी एक ओळ असावी: 'या तक्रारीचा निर्णय होईपर्यंत सदर विषयातील माझे अंतर्गत मूल्यमापन अन्य शिक्षकांकडून व्हावे, ही विनंती.' लहान महाविद्यालयात त्या विषयाचे दुसरे शिक्षकच नसतात, ही खरी अडचण आहे. तेव्हा मौखिक परीक्षेला विभागप्रमुखांनी सोबत बसावे, किंवा असाइनमेंट जवळच्या महाविद्यालयातल्या त्या विषयाच्या शिक्षकाकडून तपासून घ्यावी, एवढे तरी मागता येते. मागणी मान्य झाली नाही, तरी ती केली होती याची तारखेसह नोंद राहते आणि पुढे तीच उपयोगी पडते. वरच्या उदाहरणातल्या विद्यार्थिनीने ही ओळ लिहिली नव्हती.

कागद हातात कसे आणायचे

निकाल लागल्यावर पहिला अर्ज विभागप्रमुखांना साध्या शब्दांत द्यावा: तपासलेल्या चाचणीच्या उत्तरपत्रिका आणि असाइनमेंट पाहायला मिळाव्यात, आणि या तक्रारीचा निकाल लागेपर्यंत ते कागद नष्ट करू नयेत. दुसरी विनंती जास्त महत्त्वाची. अंतर्गत परीक्षेचे कागद ठरावीक काळाने रद्दीत जातात, आणि गेल्यावर कोणताही कायदा ते परत आणू शकत नाही.

पाहायला दिले नाहीत तर माहितीचा अधिकार आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये निर्णय दिला की स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहणे आणि तिची प्रत घेणे हा परीक्षार्थीचा हक्क आहे. संस्था उत्तरपत्रिका जितका काळ जपून ठेवते तितकाच काळ हा हक्क चालतो, असेही त्याच निकालात म्हटले आहे. म्हणजे उशीर परवडत नाही.

महाराष्ट्रात अर्जाचे शुल्क १० रुपये आहे. अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत बसणारा असावा, असे राज्याचे नियम सांगतात. उत्तर ३० दिवसांत यायला हवे. न आल्यास किंवा नकार आल्यास त्यानंतरच्या ३० दिवसांत त्याच संस्थेतल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करता येते.

अर्जात प्रश्न विचारायचे नाहीत, कागद मागायचे. 'मला ३ च गुण का दिले?' याचे उत्तर देणे माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही, कारण तो अस्तित्वात असलेली नोंद देतो, खुलासा देत नाही. त्याऐवजी असे मागावे: माझ्या दोन्ही चाचण्यांच्या आणि असाइनमेंटच्या तपासलेल्या प्रती, या विषयाच्या अंतर्गत गुणांसाठी ठरवलेल्या निकषांची प्रत, संपूर्ण वर्गाच्या अंतर्गत गुणांचा रकानेवार तक्ता, आणि हे गुण विद्यापीठाच्या संगणक प्रणालीत भरल्याच्या व बदलले असल्यास बदलल्याच्या तारखा. इतरांचे गुण ही त्यांची वैयक्तिक माहिती आहे असे सांगून तक्ता नाकारला जाऊ शकतो. म्हणून 'नावे आणि क्रमांक वगळून' असे आपणच लिहावे. तुलनेसाठी आकडे पुरेसे असतात.

निकषांची प्रत मागणे अनेकदा सगळ्यात परिणामकारक ठरते. बऱ्याच विभागांत निकष लिहिलेलेच नसतात. 'सहभाग' म्हणजे काय, त्याचे ५ गुण कशावरून द्यायचे, हे कुठेच ठरलेले नसेल, तर तेच पद्धतीतल्या दोषाचे पहिले उदाहरण होते.

विनाअनुदानित खासगी महाविद्यालय आपल्याला माहितीचा अधिकार लागू नाही असे म्हणू शकते. तेव्हा अर्ज विद्यापीठाकडे करता येतो, कारण कायद्याने ज्या खासगी संस्थेची माहिती सार्वजनिक संस्थेला मागता येते ती माहितीही या अधिकारात येते.

समिती, लोकपाल आणि ती एक अट

विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२३ मध्ये विद्यार्थ्यांच्या तक्रार निवारणाचे विनियम नव्याने लागू केले. तंत्रशिक्षण संस्थांसाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचे वेगळे विनियम आहेत. आयोगाच्या विनियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते. अध्यक्ष आणि सदस्य प्राध्यापक असतात, एक विद्यार्थी प्रतिनिधी विशेष निमंत्रित असतो. अध्यक्ष किंवा सदस्यांपैकी किमान एक महिला आणि किमान एक अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागास प्रवर्गातली व्यक्ती असावी लागते. तक्रार मिळाल्यापासून १५ कामकाजाच्या दिवसांत समितीने शिफारशींसह अहवाल देणे अपेक्षित आहे. मूल्यमापनात अपारदर्शक किंवा अन्यायकारक पद्धत वापरणे हा विनियमांत तक्रारीचा विषय म्हणून नमूद आहे.

समितीच्या निर्णयाने समाधान झाले नाही तर १५ दिवसांत लोकपालांकडे अपील करता येते. लोकपाल विद्यापीठ नेमते आणि संलग्न महाविद्यालयांचे विद्यार्थीही त्यांच्याकडे जाऊ शकतात. ते निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश असतात, म्हणजे महाविद्यालयाच्या रोजच्या संबंधांपासून दूर. अपील ३० दिवसांत निकाली काढायचे असते.

इथे ती महत्त्वाची अट येते. परीक्षा किंवा मूल्यमापनातील गैरप्रकार लोकपालांकडे नेता येतो, पण नुसत्या पुनर्मूल्यांकनाची मागणी ते ऐकत नाहीत. निकालावर परिणाम करणारी विशिष्ट अनियमितता किंवा भेदभावाचे विशिष्ट उदाहरण दाखवले तरच ऐकतात. म्हणून पहिल्या अर्जापासूनच भाषा तशी हवी.

'सरांनी माझ्यावर राग धरून मला कमी गुण दिले, तरी माझे गुण वाढवावेत' हा अर्ज पडतो. तो गुण मागतो आणि शिक्षकाच्या मनातले सिद्ध करण्याची जबाबदारी स्वतःवर घेतो. उदाहरणातल्या विद्यार्थिनीचा अर्ज असा असू शकतो: '१२ ऑगस्ट रोजी मी सदर शिक्षकांविरुद्ध तक्रार दिली (आवक प्रत सोबत). त्यानंतर त्यांनीच माझे मूल्यमापन केले. तक्रारीआधीच्या व नंतरच्या चाचणीत माझे गुण १५ व १४ आहेत. असाइनमेंटमध्ये ३ गुण असून त्यावर कोणताही शेरा नाही. वर्गात ५ पेक्षा कमी गुण मिळालेले तिन्ही विद्यार्थी सदर तक्रारीवर सही करणारे आहेत. सहभागाच्या गुणांचे लेखी निकष उपलब्ध नाहीत. तरी असाइनमेंट अन्य शिक्षकाकडून तपासावी, मौखिक परीक्षा दोन परीक्षकांसमोर पुन्हा घ्यावी व सहभागाचे गुण हजेरीपटाच्या आधारे द्यावेत.' यात 'राग', 'आकस', 'सूड' यांपैकी एकही शब्द नाही, आणि समितीला मान्य करण्यासारखी तीन ठोस कामे आहेत.

ज्या सहाध्यायींवर असाच परिणाम झाला त्यांनी स्वतंत्र अर्ज द्यावेत आणि एकमेकांचा उल्लेख करावा. तिघांचे गुण एका पद्धतीने घसरलेले समितीसमोर एकाच वेळी आले, तर ते तीन सुट्या रडगाण्यांसारखे वाटत नाही. मूळ तक्रार आणि गुणांची तक्रार ही दोन वेगळी प्रकरणे म्हणून चालवावीत. पहिलीत समझोता झाला म्हणून दुसरी आपोआप मिटत नाही.

कुठे अडते

समितीतले प्राध्यापक त्या शिक्षकाचे सहकारी असतात. संबंधित शिक्षक स्वतः समितीवर असतील तर त्यांनी त्या सुनावणीत बसू नये, असे लेखी कळवावे. पण शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मित्राबद्दल कोणतीच हरकत चालत नाही. अनेक प्रकरणे खऱ्या अर्थाने लोकपालांकडेच ऐकली जातात ती त्यामुळेच.

खोटी किंवा क्षुल्लक तक्रार आढळल्यास तक्रारदारावर कारवाईची शिफारसही लोकपाल करू शकतात. सिद्ध न होणारी तक्रार आणि खोटी तक्रार या वेगळ्या गोष्टी आहेत, तरी ऐकीव गोष्टी अर्जात न घालणे बरे. आकसाचा आरोप प्रामाणिक शिक्षकावरही होऊ शकतो. ज्याने निकष आधी जाहीर केले आहेत, असाइनमेंटवर शेरे लिहिले आहेत आणि मौखिकचे प्रश्न नोंदवून ठेवले आहेत, त्याला उत्तर द्यायला पाच मिनिटे लागतात.

मौखिक परीक्षेचा प्रश्न सर्वात अवघड राहतो. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील जातीय भेदभावाच्या आरोपांची चौकशी करणाऱ्या, सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांनी २००७ मध्ये प्रात्यक्षिक आणि मौखिक परीक्षांतल्या गुणांबद्दलच मोठ्या प्रमाणावर तक्रारी मांडल्या होत्या. जिथे कागद उरत नाही तिथे राग, जात, ओळख हे सगळेच गुणांत शिरू शकते. दोन परीक्षक बसवणे आणि प्रश्न नोंदवणे हा त्यावरचा माहीत असलेला उपाय आहे, पण तो परीक्षेआधी करावा लागतो.

शेवटची पायरी उच्च न्यायालय. न्यायालय स्वतः पेपर तपासत नाही. नियमांत तरतूद नसेल तर पुनर्मूल्यांकन हक्क म्हणून मागता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये महाराष्ट्र राज्य मंडळाच्याच परितोष शेठ खटल्यात सांगितले आणि तीच भूमिका पुढे कायम राहिली. आकसाने निर्णय झाला असा आरोप करायचा असेल तर त्याचा तपशील याचिकेत द्यावा लागतो आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याला नावाने प्रतिवादी करावे लागते. शिवाय समिती आणि लोकपाल हे मार्ग आधी वापरले का, असे न्यायालय विचारते.

शाळेत परिस्थिती थोडी वेगळी असते. तिथे अर्ज पालकांच्या सहीने मुख्याध्यापकांकडे आणि तिथे न झाल्यास शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो. आठवीपर्यंतच्या मुलांबाबत मानसिक छळाला मनाई करणारे शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ दाखवता येते. दहावीला मात्र शाळेचे गुण मंडळाकडे जाण्याआधीच हालचाल करावी लागते. एकदा ते गुणपत्रिकेत छापले गेले की शाळा 'आता मंडळाकडे जा' म्हणते आणि मंडळ 'गुण शाळेने दिले' म्हणते.

उदाहरणातल्या विद्यार्थिनीच्या तिन्ही मागण्या मान्य झाल्या असे धरले, तर काय मिळेल तेही पाहू. दुसऱ्या शिक्षकाने असाइनमेंटला १० पैकी ७ दिले, दोन परीक्षकांसमोरच्या मौखिकमध्ये ३ मिळाले आणि ८२ टक्के हजेरीवर सहभागाचे ४. चाचण्यांचे १५ धरून एकूण २९ होतात. इतर विषयांतल्या ३१ ते ३४ पेक्षा थोडे कमीच, पण २० पेक्षा ९ गुण जास्त. महाविद्यालय हे सुधारित गुण विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला कळवते आणि जुनी गुणपत्रिका जमा करून नवी दिली जाते. तोवर प्रवेशाची तारीख आली, तर समितीच्या निर्णयाची साक्षांकित प्रत आणि प्राचार्यांचे पत्र प्रवेश अर्जासोबत जोडावे लागते.